स्पॅनिश येत असताना पोर्तुगीज शिकणे

प्रश्न: मला स्पॅनिश बऱ्यापैकी येते. आता ब्राझीलची पोर्तुगीज सुरू केली आहे. वाचलेले पुष्कळ समजते, पण ऐकलेले कळत नाही आणि बोलायला गेलो की तोंडातून स्पॅनिशच येते. स्पॅनिश विसरून पाटी कोरी करून शिकू का?

पाटी कोरी करायची गरज नाही, आणि ती होणारही नाही. वाचताना स्पॅनिश मनसोक्त वापरा. ऐकताना आणि बोलताना ती कुठे आडवी येते तेवढे नेमके ओळखा.

शब्दांचा फायदा मोठा आहे, कारण दोन्ही भाषा लॅटिनमधून निघाल्या आणि त्यांच्यातले ध्वनिबदल बऱ्यापैकी नियमित आहेत. स्पॅनिशमध्ये 'य'ने सुरू होणारे 'याबे' (किल्ली), 'यूब्या' (पाऊस), 'योरार' (रडणे) पोर्तुगीजमध्ये 'शावी', 'शूवा', 'शोरार' होतात. अशा जोड्यांची वेगळी पाठांतरे करू नका, चार-पाच नमुने डोक्यात बसले की पुरे. मात्र नियमावर स्वार होऊन शब्द बनवायला जाऊ नका. 'येबार' (नेणे) हा 'शेवार' होत नाही, तो 'लेवार' आहे. नियम समोर आलेला शब्द ओळखायला चालतो, नवा पाडायला नाही.

ऐकताना अडते ते मुख्यतः स्वरांमुळे. स्पॅनिशचे पाच स्वर कुठेही आले तरी स्वच्छ ऐकू येतात. ब्राझीलमध्ये आघात नसलेला शेवटचा 'ओ' बहुतेक ठिकाणी 'उ' होतो, 'ए' 'इ' होतो, आणि त्या 'इ'च्या आधीचे त-द बऱ्याच भागांत च-ज होतात. त्यामुळे कागदावर सहज ओळखू येणारा दुधाचा शब्द कानावर 'लेइची' असा पडतो आणि तुम्ही त्याला अनोळखी समजता. यावर उपाय एकच: अर्ध्या मिनिटाचे बोलणे घ्या, ऐकून लिहून काढा, मग संहितेशी ताडून पाहा. जो शब्द वाचताना येत होता पण कानाने सुटला, फक्त त्याखाली रेघ मारा. पंधरा-वीस वेळा केल्यावर त्याच त्या चार-पाच जागा रेघांखाली येताना दिसतील. इथे मराठी कान कामी येतो: 'आवो' म्हणजे आजोबा, 'आवॉ' म्हणजे आजी, आणि हा ओ-ऑ फरक आपल्याला 'बोल' आणि 'बॉल'मुळे फुकटात मिळालेला असतो.

खरा धोका मात्र व्याकरणात आहे. तोंडावळा सारखा आणि अर्थ वेगळा, असे तिथे होते. समजा कुणी विचारले, 'जेवलास का?' स्पॅनिशमध्ये 'ए कोमीदो' म्हणजे 'जेवलोय'. त्याचा साचा तसाच उचलला की 'तेन्यु कोमीदु' तयार होते. पण त्याचा अर्थ 'जेवलोय' नाही, तर 'हल्ली वरचेवर खात असतो'. 'तेन्यु कोमीदु मुइंतु पेइशी', म्हणजे हल्ली मासे बरेच खातोय. जेवण झाले असेल तर साधा भूतकाळ वापरायचा: 'झा कोमी'. कसोटी सोपी आहे: मराठी वाक्यात 'हल्ली वरचेवर' बसत असेल तरच 'तेन्यु'. (लॅटिन अमेरिकेतली स्पॅनिश शिकला असाल तर तिथेही अशा वेळी साधा भूतकाळच जास्त चालतो, म्हणून ही चूक कमी होईल.)

दुसरी जागा 'आवडणे'. स्पॅनिश 'मे गुस्ता एल काफे' हुबेहूब 'मला कॉफी आवडते' आहे, म्हणजे आवडणारी वस्तू कर्ता. पोर्तुगीजमध्ये कर्ता 'मी' आणि वस्तूआधी 'जी' हवाच: 'एऊ गॉस्तु जी काफॅ'. इथे स्पॅनिश आणि मराठी दोघी एकाच बाजूला ओढतात, त्यामुळे ही चूक फार उशिरापर्यंत टिकते.

लिंगेही तपासा. स्पॅनिशमध्ये दूध स्त्रीलिंगी, पोर्तुगीजमध्ये पुल्लिंगी. प्रवास तिकडे पुल्लिंगी, इकडे स्त्रीलिंगी. असे शब्द नेहमी उपपदासकटच लिहा.

या चुका टिकतात, कारण समोरच्याला संदर्भावरून अर्थ कळतो आणि तो सहसा दुरुस्त करत नाही. अडखळला नाहीत म्हणजे बरोबर बोललात, असे समजू नका. आठवड्यातून एकदा दोन मिनिटे बोलून रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. सगळ्या चुका शोधू नका, 'तेन्यु', 'गॉस्तु' आणि उपपदे एवढेच मोजा. शब्द आठवेना म्हणून स्पॅनिशचा घुसवलात तर तिथेच थांबून पूर्ण वाक्य पुन्हा म्हणा. नुसता तो शब्द दुरुस्त केला तर आजूबाजूचा स्पॅनिश साचा तसाच राहतो.

पहिले काही महिने उलटेही होईल, स्पॅनिश बोलताना पोर्तुगीज डोकावेल. स्पॅनिश बोलायच्या आधी पाच मिनिटे स्पॅनिश मजकूर मोठ्याने वाचलात तर ते बरेच कमी होते.