"आबांना कुठं काय झालं?"

"मॅडम, माझा मुलगा आठवीत आहे. दप्तरात तंबाखूची पुडी सापडली. रागावले तर म्हणतो, मोठे काका तीस वर्षं खायलेत, त्यांना कुठं काय झालं? यावर काय बोलावं तेच सुचत नाही."

ताई, रागाच्या भरात तुम्ही काय म्हणालात ते जरा आठवा. बहुतेक "तंबाखू खाल्ली की कॅन्सर होतोच" असं म्हणाला असाल, आपण सगळे असंच म्हणतो. पण तसं म्हणाला असाल तर पोरगं बरोबर आहे. "होतोच" म्हणजे खाणाऱ्या सगळ्यांना होतो, आणि एक काका धडधाकट दाखवला की हे वाक्य तिथंच पडतं. पडतं ते फक्त तुमचं वाक्य, तंबाखू काही त्यामुळं सुटत नाही, पण तेराव्या वर्षी हा फरक पोरांना दिसत नाही आणि खरं सांगायचं तर मलाही तो नीट समजावता येत नव्हता, तो मला एका आजोबांनी शिकवला.

लातूरकडच्या एका खेड्यातला नववीतला मुलगा होता, केस हीच, फक्त काकांच्या जागी आबा. आबा स्वतः चाळीस वर्षांपासून चुना-तंबाखू मळणारे, त्यामुळं घरात त्यांना बोलायला तोंडच नव्हतं. पहिल्या वेळेला आबा आणि नातू दोघंही माझ्यासमोर गप्प बसून गेले. पुढच्या वेळी आबा कॅरीबॅगमधून ओल्या गोणपाटाची गुंडाळी घेऊन आले, जूनचे दिवस होते आणि पेरणीआधी सोयाबीनची उगवण तपासायला त्यांनी घरी शंभर दाणे लावले होते, दहा-दहाच्या दहा ओळी. माझ्या टेबलावरच गुंडाळी उलगडली. ओल्या तागाचा वास, दाण्यांना फुटलेल्या पांढऱ्या शेपट्या, आणि मधेमधे नुसतेच फुगून बसलेले, एखाददुसऱ्याला बुरशी.

"मोज," आबा म्हणाले.

नातवानं मोजले. अठ्ठ्याहत्तर उगवलेले, बावीस नाहीत.

"आता दुकानदार म्हणला, आबा, ह्या गोणपाटावरचं सगळं बी उगवतंय. खरं का खोटं?"

"खोटं. बावीस मेलेत की."

"बावीस कशाला दाखवायलास? किती दाखवले की तो गप्प बसंल?"

पोरानं बुरशी लागलेला एक दाणा नखानं उचलला. "एकच."

"बरं. आता मी म्हणलो, ह्यातलं थोडं बी मेलेलं हाय. आन् तू हा दाखवला," आबांनी चांगली बोटभर शेपटी फुटलेला दाणा पुढं केला, "हा बघा आबा, जित्ता हाय. मी खोटा पडलो का?"

"...नाही. तुम्ही कुठं म्हणलात सगळे मेलेत म्हणून."

"मग मला खोटं पाडायला किती दाखवशील?"

इथं तो अडकला. दोन म्हणाला, मग दहा म्हणाला. आबा नुसते हसत होते. मग त्याच्याच लक्षात आलं, "शंभरच्या शंभर दाखवावे लागतील. एक जरी मेलेला निघाला तर तुम्ही खरे."

मी मधे पडले नाही. (माझ्या वहीत तेव्हा "सगळे" आणि "काही" अशा दोन चौकटी काढून ठेवल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.) आबांनी मुद्दाम "थोडं बी" म्हटलं हेही मला नंतर कळलं, कारण आपल्याकडं "काही बी उगवत नाही" म्हटलं की त्याचा अर्थ काहीच उगवत नाही असा होतो, आणि "सगळं बी उगवलं नाही" हे वाक्य तर दोन्हीकडून वाजतं, एकाला वाटतं थोडं राहिलं, दुसऱ्याला वाटतं सगळंच गेलं. घरातली निम्मी भांडणं इथंच होतात. "सगळं उगवतं" याच्या उलट "काहीच उगवत नाही" असं नसतं, एक तरी उगवलेलं नाही एवढंच असतं.

पोरगं हुशार होतं, त्यानं लगेच दुसरी बाजू धरली. "म्हणजे थोडं-थोडं म्हणणारा कधी हरतच नाही. ही चीटिंग झाली आबा."

"हरतो की. गोणपाटावर शंभरच दाणे हायेत, सगळे बघता येतात, एकबी मेलेला नसता तर मी हरलो असतो. पण माझं काम सोपं हाय हे खरं. मला एक मेलेला दाखवला की झालं. सगळं म्हणणाऱ्याला शंभर दाखवावे लागतात. म्हणून तर दुकानदारानं सगळं म्हणू नये आन् तुझ्या आईनंबी."

मग त्यांनी स्वतःहून तो विषय काढला, मला काढावा लागला नाही. "माझं काय सांगत फिरतोस? आबांना काही झालं नाही. मी कोणता दाणा हाय?"

"उगवलेला."

"मग त्यानं काय खोटं पडलं?"

"सगळ्यांना कॅन्सर होतो, हे."

"आन् काहींना होतो, हे?"

पोरगं गप्प. गल्लीतल्याच एका माणसाच्या जबड्याचं ऑपरेशन झालेलं त्यानं पाहिलेलं होतं, आणि "काहींना होतो" एवढं सिद्ध करायला तो एक माणूस पुरतो. त्याच्यासमोर आबांसारखे हजार धडधाकट उभे केले तरी वाक्य हलत नाही.

पण ताई, इथं एक कबूल करायला पाहिजे, नाहीतर तुमचा मुलगा पुढच्याच वाक्यात तुम्हाला पकडेल. "काहींना होतो" हे खरं असलं तरी फार छोटं वाक्य आहे. शंभरात एक का पन्नास, ते त्यातून कळत नाही, आणि तंबाखू न खाणाऱ्यांतही काहींना तोंडाचा कॅन्सर होतोच. त्यासाठी नातवानं दाणे मोजले तसं मोजावं लागतं, खाणारे आणि न खाणारे दोन्ही बाजूंचे. ते मोजून झालेलं आहे, त्यावरूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं खायच्या तंबाखूला माणसात कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय. तेव्हा म्हणायचं ते असं: "सगळ्यांना होत नाही, पण खाणाऱ्यांत जास्त होतो, आणि तू कोणत्या दाण्यांत आहेस ते आधी कळत नाही." याला काकांचं उदाहरण लागू पडत नाही.

अजून एक राहिलं. निघता निघता मी आबांना विचारलं, "तुम्हाला काही झालं नाही" हे कोणी तपासलंय का? कारण "काहीच झालं नाही" हेसुद्धा "सगळं"वालंच वाक्य आहे, अख्ख्या तोंडात कुठंही काही नाही असं ते म्हणतं, आणि ते मोडायलाही एकच जागा पुरते. आबा म्हणाले, बघायचं काय त्यात. नातवानं मोबाईलची बॅटरी लावली. आबांनी तोंड उघडलं, गाल बोटानं बाजूला ओढला, जिथं ते रोज बार धरायचे तिथं. पोरगं वाकून बघायला लागलं, मग त्यानं रुमालाच्या टोकानं तिथं हलकंच पुसलं आणि परत पुसलं.

"आबा, हे पांढरं काय हाय? निघंना गेलंय."

त्याच दुपारी मी दोघांना दातांच्या डॉक्टरकडं पाठवलं. तुम्हीही मोठ्या काकांना घेऊन जा, आणि मुलाला सोबत न्या, बॅटरी त्याच्याच हातात द्या.