शेअर किती ठेवायचे?

“वय सत्तावन्न. तीन वर्षांत निवृत्ती. सगळे म्हणतात शेअर कमी करा, पण बाजार चढताना कमी केले तर नुकसान नाही का?”

हा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाच्या तोंडी असतो. या गृहस्थांच्या निवृत्ती खात्यात ८० टक्के शेअर होते आणि २० टक्के रोखे.

“८० टक्के कधी ठरवलंत?” मी विचारलं.

ते गप्प झाले. मग म्हणाले, “ठरवलं नाही कधी. पंचेचाळिसाव्या वर्षी ६० ठेवले होते.”

बारा वर्षांत शेअर रोख्यांपेक्षा खूप वेगाने वाढले आणि त्यांचा वाटा आपोआप फुगला. वयाबरोबर जोखीम उतरायला हवी होती, ती चढली होती. शंभरातून वय वजा करून शेअरचा वाटा काढण्याचं सूत्र त्यांना पाठ होतं, पण ते त्यांना कधी पटलं नव्हतं. मलाही ते अपुरं वाटतं. मी पगाराकडे बघते. तिशीत पुढची तीस वर्षं पगार येणार असतो, म्हणून बाजार कोसळला तरी शेअर विकावे लागत नाहीत. पगार थांबला की ते काम रोख्यांना करावं लागतं.

म्हणून टक्के बाजूला ठेवून मी वर्षं मोजायला सांगितली. निवृत्तीनंतर खात्यातल्या दर १०० मागे त्यांना वर्षाला ४ लागणार होते.

“बाजार पडला आणि शेअर विकायचे नाहीत, तर रोख्यांवर किती वर्षं निघतील?”

“वीस भागिले चार... पाच.”

अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक २००० मध्ये घसरला, तो आधीच्या शिखरावर परत यायला २००७ उजाडलं. हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकले. “म्हणजे शेवटची दोन वर्षं मला पडलेल्या भावाने विकावं लागलं असतं!” मी इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट बघत आले आहे, तो हाच. टक्क्यांवर वाद घालणारा माणूस वर्षांवर विचार करू लागतो.

आम्ही ११ वर्षांचं उद्दिष्ट ठेवलं, म्हणजे ४४ टक्के रोखे. शेअर शून्यावर नेले नाहीत. निवृत्ती पंचवीस-तीस वर्षं चालू शकते आणि महागाई नुसत्या रोख्यांना पोखरते. नवी वर्गणी रोख्यांत वळवली, पण साठलेल्या रकमेपुढे ती किरकोळ असते, त्यामुळे खात्यातच बदल लागतो. दर तिमाहीच्या ठरलेल्या तारखेला शेअरचा वाटा २ टक्क्यांनी खाली आणायचा: ७८, ७६, असं १२ तिमाहींत ५६. बाजार चढला असेल तर त्या आकड्यावर यायला जास्त विकावं लागतं, म्हणजे विक्री चढ्या भावाला होते.

रोखे मी कमी मुदतीचेच घ्यायला लावले. व्याजदर चढले की लांब मुदतीच्या रोख्यांच्या किमती जोरात पडतात. २०२२ मध्ये कितीतरी देशांत शेअर आणि रोखे एकाच वर्षी घसरले होते.

तिसऱ्या तिमाहीत त्यांचा फोन आला. “बाजार जोरात आहे. थांबू का?”

“रोखे किती झाले?”

“आज बदल केला तर २६. साडेसहा वर्षं.” थोडं थांबून म्हणाले, “नाही, करून टाकतो.”