डॅशबोर्डवरचा मीटर हँग होऊन रीबूट झाला आणि सगळ्या वॉर्निंग गायब, गाडी बरी झाली का?

नाही हो, दिवे गेले म्हणजे बिघाड गेला असं नसतं, मीटर फक्त दाखवतो, एबीएस आणि एअरबॅगचे बिघाडाचे कोड त्यांच्या त्यांच्या युनिटमध्येच राहतात. इग्निशन ऑन करून बघा, एबीएस-एअरबॅगचे दिवे काही सेकंद लागून विझले पाहिजेत, लागलेच नाहीत तर मीटरच झोपलाय, मग कसारा घाट उतरायचं धाडस नको.

माझ्या गाडीला द्वारका सर्कलला असंच झालेलं, मी खूश, स्कॅनर लावला तर एबीएसचा कोड तसाच! बॅटरी सेल मारताना ९ व्होल्टच्या खाली जायची म्हणून मीटर रीबूट व्हायचा. मीटरचं सॉफ्टवेअर अपडेट नंतर करा, आधी बॅटरी आणि अर्थिंग बघा, अपडेट चालू असताना व्होल्टेज पडलं तर मीटर कायमचा बसू शकतो.