टक्केवारीआधी जाहिरात वाचा

सोलापुरातील टॉवेल निर्यात करणाऱ्या कारखान्यासाठी तुम्ही मार्केटिंगचे अर्ज चाळत आहात, तेव्हा नोकरीच्या जाहिरातीतील मागणी आधी समोर ठेवा: परदेशी घाऊक खरेदीदारांकडून चौकशी आणणे, लिंक्डइन आणि व्यापारी प्रदर्शने ही माध्यमे, आणि वर्षाला 12 लाखांचे बजेट.

आता समजा, एका अर्जात ‘इन्स्टाग्राम मोहिमेतून ऑर्डर 300 टक्क्यांनी वाढवल्या’ असे लिहिले आहे. महिन्याच्या 10 ऑर्डर 40 झाल्या तरी वाढ 300 टक्केच भरते, म्हणून मूळ आकडा, कालावधी आणि जाहिरातीवरील खर्च विचारल्याशिवाय त्या ओळीला गुण देऊ नका. शिवाय ती किरकोळ विक्री आहे. घाऊक खरेदीदार नमुना, दर आणि मुदत पाहून कित्येक महिन्यांनी ऑर्डर देतो, त्यामुळे तिथे पात्र, म्हणजे खरेदीची खरी शक्यता असलेल्या, चौकश्या किती आल्या आणि प्रत्येकीमागे किती खर्च झाला, हेच पाहावे लागते.

‘50 लाखांचे बजेट सांभाळले’ या वाक्याने तर भलेभले दिपतात. ती रक्कम संपूर्ण विभागाची होती की खर्चाचे निर्णय उमेदवार स्वतः घेत होता, हे मुलाखतीत नेमके विचारा. दोन लाखांत लिंक्डइनवरून 40 पात्र चौकश्या, म्हणजे प्रत्येकी 5,000 रुपये, असा हिशेब मांडणारा अर्ज मी वर ठेवीन.