ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी बँकेचे पत्र

प्रश्न: मुलीच्या ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी माझ्या खात्याचे बॅलन्स सर्टिफिकेट चालेल का?

उत्तर: आवश्यक रक्कम सलग 28 दिवस खात्यात होती असे त्यात स्पष्ट लिहिलेले असेल तरच चालेल, 'अमुक तारखेस इतकी शिल्लक' एवढाच मजकूर असलेला नेहमीचा छापील नमुना पुरत नाही. ही अट ब्रिटिश इमिग्रेशन नियमांच्या 'अपेंडिक्स फायनान्स'मध्ये आहे. म्हणून शाखेत लेखी अर्ज देऊन, बँकेच्या लेटरहेडवर तुमचे नाव, खाते क्रमांक, पत्राची तारीख आणि '1 जून ते 28 जून या काळात शिल्लक इतक्या रकमेखाली गेली नाही' असे वाक्य मागून घ्यावे. मधल्या एका दिवशी जरी हप्ता कापला जाऊन रक्कम कमी पडली, तरी 28 दिवस पुन्हा मोजावे लागतात. त्यामुळे थोडी जास्त रक्कम ठेवणे मला फार महत्त्वाचे वाटते. या उदाहरणात 28 जूनपासून 31 दिवसांच्या आत, म्हणजे 29 जुलैपर्यंत, अर्ज भरला गेला पाहिजे. मात्र खाते पालकांचे असल्याने मुलीचा जन्मदाखला आणि तुमचे संमतिपत्रही लागेल, आणि दाखला फक्त मराठीत असेल तर त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागेल.