स्टेप आधी मोज

प्रिय पोरी,

तुझा व्हिडिओ रात्री चार वेळा पाहिला. पोरगा चांगला आहे, पळतोही छान. तू विचारलंस, "सर, ह्याचा हॉप इतका देखणा आहे, मग तिहेरी उडी 13.20 मीटरवर का अडकलीय?" अगं, हॉप देखणा आहे म्हणूनच अडकलीय.

तू फक्त एकूण अंतर लिहून पाठवलंस, याचा मला रागच आला. तिहेरी उडीत एकच आकडा लिहिणं म्हणजे तीन पोरांच्या परीक्षेचे गुण एकत्र करून एकाच प्रगतिपुस्तकात टाकणं. नशीब, धावपट्टीच्या कडेला अर्ध्या-अर्ध्या मीटरवर तू फक्कीच्या रेघा मारल्या होत्यास. व्हिडिओ थांबवून, पंजाचं टोक ते पंजाचं टोक असं मी मोजलं. हॉप 5.30, स्टेप 3.20, जंप 4.70. टक्क्यांत साधारण 40, 24 आणि 36. बोट-दोन बोटं इकडेतिकडे होतील, पण दुखणं कुठे आहे ते लपत नाही. स्टेप मेलीय.

का मेली ते नीट बघ. बोर्डवर तो टाच रोवतो, छाती मागे टाकतो आणि वर उडतो. प्रेक्षकांना तेच आवडतं. पण जितका उंच जाईल तितका सरळ खाली आदळणार, आणि हॉपमध्ये उतरायचं त्याच पायावर असतं. आपली लंगडीच ती, फक्त पूर्ण वेगात. उतरताना त्याचं पाऊल कमरेच्या बरंच पुढे पडतंय, तिथे ब्रेक लागतो, गुडघा मुडपतो, कंबर खाली बसते. मग स्टेपसाठी ढकलायला पायात काही उरतच नाही. दुसरं पाऊल तो टाकत नाही, पडू नये म्हणून टेकवतो. तू त्याला "स्टेप मोठी कर, स्टेप मोठी कर" असं ओरडतेस, ते व्हिडिओत ऐकू येतं. तो पाय आणखी पुढे फेकतो आणि आणखी ब्रेक लावतो. स्टेप हॉपमध्ये बिघडते, तिथेच दुरुस्त होते. म्हणून स्टेप आधी मोज, आणि हॉप तिला परवडेल तेवढाच ठेव.

आता डोळे मिटून फक्त आवाज ऐक. धप्प, टप, धप्प. मधला ठोका घाईत येतो. हवा आहे तो धप, धप, धप. तिन्ही ठोके जवळजवळ सारख्या अंतराने आणि सारख्या वजनाचे. पहिले दोन महिने मी पोरांना अंतर सांगतच नाही. बाकीच्यांना पाठमोरं बसवतो आणि ठोके कसे पडले ते त्यांनाच सांगायला लावतो. आठवड्याभरात बारा वर्षांच्या पोरालाही कळतं की मधला ठोका खाल्ला गेला.

करायचं काय, ते सांगतो. त्याला पूर्ण धावेतून काढ. सहा पावलांची धाव घे, शक्यतो गवतावर. उडी 11.10 ची धर आणि खुणा अशा लाव: हॉपला 4.00, तिथून पुढे स्टेपला 3.35, उरलेले 3.75 जंपला. म्हणजे 36, 30, 34. खुणेला सपाट पट्टी किंवा फक्कीची रेघ चालेल, उंच वस्तू ठेवू नकोस. पोरं तिच्यावरून उडायला बघतात आणि हॉप पुन्हा उंच होतो. चार मीटरचा हॉप त्याला लाजिरवाणा वाटेल. वाटू दे. त्याला सांग, बोर्डवरून पळत बाहेर पड, नजर समोर. उतरताना पाऊल वरून खाली आणि मागे ओढून घ्यायचं, पूर्ण तळवा एकदम टेकला पाहिजे, कमरेच्या थोडंच पुढे. आणि स्टेपमध्ये पुढची मांडी जमिनीला समांतर आली की तिथेच थांबवायची. थांबणं हीच स्टेप. घाईने पाय खाली आणला की ती संपली.

आठवड्यात दोन दिवस, दिवसाला दहा-बारा उड्या, बस. प्रत्येक टेकण्यात पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, तेव्हा उत्साहात वीस करू नकोस. दहापैकी आठ उड्यांत ठोके सारखे आले की आठ पावलांवर जा आणि तिन्ही खुणा त्याच प्रमाणात वाढव. तिथे स्टेप मोडली, तर पुन्हा सहावर. पुन्हा सहावर म्हणजे सहावरच. "आज बघू जमतंय का" नाही.

पूर्ण धावेत परत आल्यावर पहिलं ध्येय 13.50 धर: हॉप 4.90, स्टेप 3.85, जंप 4.75. बघ, हॉपमध्ये चाळीस सेंटिमीटर सोडले, स्टेपमध्ये पासष्ट मिळाले, जंपही बिघडली नाही कारण वेग शिल्लक राहिला.

तू म्हणशील, मोठे खेळाडू कुठे असं मोजूनमापून मारतात. 1995 साली गोथेनबर्गला जोनाथन एडवर्ड्सने 18.29 मीटरचा विश्वविक्रम केला, त्यात हॉप 6.05, स्टेप 5.22 आणि जंप 7.02 होती. हॉप एकूण उडीच्या एकतृतीयांशच. त्याचा वेग शेवटच्या जंपपर्यंत टिकत होता, म्हणून तो जंपसाठी इतकं राखून ठेवू शकला. काही थोर खेळाडू हॉपवर भर देऊनही जिंकलेत, कारण तो भार पेलणारे पाय त्यांच्याकडे होते. एकच प्रमाण सगळ्यांना लागू होत नाही, हे मला मान्य आहे. पण तेरा-साडेतेरा मीटरवाल्या पोराला आधी 30 टक्क्यांच्या आसपास स्टेप येऊ दे, मग त्याचा कल कुठे आहे ते आपोआप दिसेल. 24 टक्के हा कल नसतो, ती गळती असते.

मी इतका हट्टी का, तेही सांगतो. माझ्याकडे असाच एक पोरगा होता, हॉप साडेपाचच्या वर. मी टाळ्या वाजवायचो. मैदानावर येईल त्याला बोलावून तो हॉप दाखवायचो. दोन हंगाम मी त्याची स्टेप एकदाही मोजली नाही. आधी टाच ठेचली, मग गुडघा सुजायला लागला, आणि एका पावसाळ्यानंतर तो आलाच नाही. चूक त्याची नव्हती, टाळ्या माझ्या होत्या. त्यानंतर मी पोरांना एकेक हंगाम सहा-आठ पावलांवर ठेवलं. पालक चिडले, जिल्हा स्पर्धेतली पदकं गेली, "सर पोरांना दाबून ठेवतात" असं बोललं गेलं. बोलू दे. त्या पोरांचे गुडघे शाबूत आहेत, आणि त्यातले बरेच विशीनंतरही उड्या मारत राहिले. आजही मी तेच करेन.

तुझ्यावरही दबाव येईल. स्पर्धा सहा आठवड्यांवर आहे, तू लिहिलंयस. तेवढ्यात पूर्ण धावेत नवी लय बसेलच असं नाही, कदाचित तो 13 च्याही खाली येईल. तरी आठ-दहा पावलांच्या धावेनेच उतरव त्याला. त्याच्या वडिलांशी आधी बोलून घे, हे तीन आकडे कागदावर मांडून दाखव; माणसं आकडे दाखवले की ऐकतात.

सोमवारी सहा पावलांवर दहा उड्या घे. टेप एका पोराकडे, वही दुसऱ्याकडे. वहीत तीन रकाने आख आणि स्टेपचा रकाना पहिला ठेव. फोटो काढून पाठव, मी रात्री बघतो.

तुझा,
सर