गाड्याच्या पुढच्या भिंतीला चिकटलेला ठोकळा: किमान त्वरण आणि घर्षणाचा स्वभाव

प्रश्न: गाड्याच्या पुढच्या भिंतीला टेकलेला ठोकळा खाली पडू नये म्हणून किमान त्वरण g/μ लागते असे पुस्तकात दिले आहे. पण त्वरण त्याहून जास्त केले तर μN हे वजनापेक्षा मोठे होते, मग ठोकळा वर का सरकत नाही? आणि उत्तरातून वस्तुमान कुठे गेले?

उत्तर:

मी लातूरमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो आणि आपली पहिली शंका दरवर्षी वर्गातून कोणीतरी विचारतेच. ज्याला ती पडते त्याने सूत्र पाठ न करता त्याच्याकडे नीट पाहिलेले असते, म्हणून मी तिला पूर्ण वेळ देतो. मात्र तिच्याआधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी लागते, कारण अर्धा गोंधळ तिथेच असतो: ठोकळा भिंतीच्या कोणत्या बाजूला आहे?

सोयाबीनची पोती भरून मोंढ्याकडे निघालेली ट्रॅक्टरची ट्रॉली डोळ्यांसमोर आणा. ट्रॉलीच्या आत, पुढच्या फाळक्याला टेकलेले पोते ट्रॅक्टरने वेग घेतला की फाळक्यापासून मागे सुटू पाहते, आणि ब्रेक लागला की फाळक्यावर दाबले जाते. म्हणजे आतल्या बाजूने पुढच्या भिंतीवर दाब हवा असेल तर त्वरण मागच्या दिशेने असले पाहिजे. आपल्या उदाहरणातला ठोकळा गाड्याच्या बाहेर, पुढच्या भिंतीच्या समोर आहे, गाडा पुढे वेग घेत आहे आणि भिंत ठोकळ्याला पुढे ढकलत आहे. भिंत फक्त ढकलू शकते, ओढू शकत नाही. त्यामुळे त्वरणाची दिशा भिंतीकडून ठोकळ्याकडे असेल तरच हे गणित उभे राहते.

आता ठोकळ्यावर कोणती बले आहेत ते पाहू. पृथ्वी त्याला खाली ओढते, ते बल mg. भिंत त्याला पुढे ढकलते, ते अभिलंब बल N. भिंतीचा पृष्ठभाग त्याला खाली घसरण्यापासून अडवतो, ते स्थितिक घर्षण f, आणि त्याची दिशा वर. याशिवाय ठोकळ्याला स्पर्श करणारे काहीही नाही. आडव्या दिशेत ठोकळ्याला गाड्याबरोबरच त्वरण मिळते आणि ते देणारे बल एकटे N आहे, म्हणून N = ma. उभ्या दिशेत ठोकळा स्थिर राहायचा असेल तर f = mg.

आपली शंका या दुसऱ्या समीकरणात आहे. बहुतेक मुले f च्या जागी लगेच μN लिहितात, आणि मग त्वरण वाढले की घर्षण वाढले, घर्षण वाढले की ठोकळा वर गेला, असा निष्कर्ष निघतो. पण μN ही घर्षणाची किंमत नसून त्याची मर्यादा आहे. स्थितिक घर्षणाला स्वतःची ठरलेली किंमत नसते. घसरण रोखण्यासाठी जितके लागते तितकेच ते उभे राहते, आणि घसरण कोणत्या दिशेने होऊ पाहते त्याच्या उलट दिशेने उभे राहते. बांधावरच्या दगडाला आपण हलकेच रेटले आणि तो हलला नाही, तर जमिनीचे घर्षण तेवढेच हलके असते. जोराने रेटले आणि तरीही हलला नाही, तर तेवढेच जोराचे. रेटणे थांबवले की तेही संपते, तो दगड उलटा आपल्या अंगावर येत नाही. ठोकळ्याला खाली ओढणारे बल mg इतकेच आहे, म्हणून भिंतीचे घर्षणही mg इतकेच असणार, भिंतीवरचा दाब कितीही वाढो. घर्षणाने ठोकळा वर सरकवायचा असता, तर त्याला भिंतीवरून आपणहून घसरण सुरू करावी लागली असती; आणि स्थितिक घर्षण घसरण सुरू करत नाही, ते फक्त होऊ पाहणारी घसरण अडवते.

म्हणून अट समीकरणाची नसून असमानतेची आहे: लागणारे घर्षण mg हे मर्यादेच्या आत, म्हणजे mg ≤ μma असे असले पाहिजे. m दोन्ही बाजूंना आहे, तो निघून जातो आणि a ≥ g/μ उरते. बरोबरीचे चिन्ह फक्त किमान त्वरणाच्या टोकालाच लागू होते.

वस्तुमान जाण्याचे कारणही यातच आहे. ठोकळा दुप्पट जड घेतला तर त्याला धरून ठेवायला दुप्पट घर्षण लागते, हे खरे. पण तितक्याच त्वरणाने पुढे न्यायला भिंतीला त्याला दुप्पट जोराने ढकलावे लागते, त्यामुळे दाब आणि घर्षणाची मर्यादा हीदेखील दुप्पट होते. गाडा ढकलणाऱ्याला मात्र वस्तुमान चुकत नाही: गाड्याचे वस्तुमान M असेल आणि जमिनीचे घर्षण सोडून दिले, तर त्याला लागणारे बल (M + m)g/μ इतके आहे. परीक्षेत बल विचारले आहे की त्वरण, हे त्यामुळे नीट वाचावे.

हे मी वर्गात फळी आणि लाकडी डस्टर घेऊन दाखवतो. फळीच्या एका बाजूला सायकलची जुनी ट्यूब कापून चिकटवली आहे. आधी घर्षण गुणांक काढतो: फळी आडवी ठेवून तिच्यावर डस्टरची लाकडी बाजू टेकवायची आणि फळीचे एक टोक हळूहळू उचलत जायचे. डस्टर घसरायला लागते त्या क्षणी चढाची उंची भागिले पाया हाच गुणांक. एकदा उंची ३५ सेंटीमीटर आणि पाया ५० सेंटीमीटर आला, म्हणजे μ = ०.७. त्यावरून किमान त्वरण ९.८ भागिले ०.७, म्हणजे १४ मीटर प्रति सेकंद वर्ग. डस्टरचे वस्तुमान २०० ग्रॅम धरले तर वजन १.९६ न्यूटन. त्वरण १४ असताना दाब २.८ न्यूटन आणि घर्षणाची मर्यादा बरोबर १.९६ न्यूटन. त्वरण २० केले तर दाब ४ न्यूटन, मर्यादा २.८ न्यूटन, पण प्रत्यक्षातले घर्षण तेच १.९६ न्यूटन. उरलेले ०.८४ न्यूटन कुठेही लागू होत नाही. ती केवळ शिल्लक राखीव क्षमता आहे.

मग फळी उभी धरायची, डस्टर दुसऱ्या हाताने तिला टेकवायचे, आणि फळी झपकन पुढे रेटत तो हात काढून घ्यायचा. १४ च्या त्वरणाने पाव सेकंद रेटले तर फळी सुमारे ४४ सेंटीमीटर पुढे जाते, म्हणजे हाताच्या आवाक्यात बसते. तेवढा वेळ डस्टर फळीला धरून राहते. हात थांबला की N शून्य होतो आणि डस्टर पुढे उडून खाली पडते. टेकवणारा हात का लागतो, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. गाडा उभा असताना N शून्य असतो, त्यामुळे त्वरण पुरेसे होईपर्यंत ठोकळ्याला कोणीतरी धरलेच पाहिजे. गणितात ‘टेकवलेला’ हा शब्द असतो, त्याचे काम हे आहे.

हात लवकर काढला आणि डस्टर एकदा घसरू लागले, तर g/μ पुरत नाही. घसरताना गतिक घर्षण लागू होते आणि त्याचा गुणांक सहसा कमी असतो. तो ०.५ धरला आणि त्वरण १६ असले, तर न घसरलेले डस्टर टिकून राहते, पण घसरू लागलेले डस्टर ९.८ वजा ८, म्हणजे १.८ मीटर प्रति सेकंद वर्ग इतक्या त्वरणाने खाली जातच राहते. त्याच्या घसरण्याचा वेग कमी करायचा तर त्वरण १९.६ च्या वर न्यावे लागते. प्रयोगात कधी जमते, कधी जमत नाही, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

काही विद्यार्थी विचारतात की एसटीच्या पुढच्या पत्र्याला ठोकळा असा टिकेल का. टिकणार नाही, आणि त्याचे कारण इंजिनाच्या ताकदीत नाही. चाकांवर धावणाऱ्या वाहनाला पुढे नेणारे बलही रस्त्याचे घर्षणच असते, त्यामुळे त्याचे त्वरण रस्ता आणि टायर यांच्यातील गुणांक गुणिले g यापेक्षा जास्त होऊ शकत नाही. ठोकळ्याला g/μ हवे आहे. म्हणजे दोन्ही गुणांकांचा गुणाकार किमान १ असला पाहिजे. कोरड्या रस्त्यासाठी ०.८ धरले आणि ठोकळ्यासाठी आपले ०.७, तर गुणाकार ०.५६ येतो. रस्ता जास्तीत जास्त ७.८ देतो, ठोकळा १४ मागतो.

आता एक बाब, जी पाठ्यपुस्तकातल्या गणितात सहसा येत नाही, कारण तिथे ठोकळा बिंदूसारखा धरलेला असतो. घर्षण भिंतीला लागून वर आहे, पण वजन ठोकळ्याच्या मध्यातून खाली आहे. ही दोन बले एका रेषेत नसल्यामुळे ठोकळ्याचे पुढचे टोक खाली झुकवू पाहतात. त्याला तोल देण्यासाठी भिंतीचा दाब मध्याच्या खाली सरकतो. ठोकळा भिंतीपासून w इतका पुढे आलेला आणि h इतका उंच असेल, तर दाब मध्यापासून wg/2a इतका खाली लागतो, आणि तो खालच्या कडेच्या पलीकडे जाऊ शकत नाही. म्हणून a ≥ gw/h ही दुसरी अटही पाळली गेली पाहिजे. दोन्हींपैकी जी मोठी, ती खरी किमान किंमत.

माझे डस्टर १५ सेंटीमीटर लांब आणि ५ सेंटीमीटर जाड आहे. ते उभे, सपाट बाजूने फळीला टेकवले तर दुसरी अट ३.३ वर सुटते, त्यामुळे १४ हेच उत्तर राहते. तेच डस्टर टोकाने टेकवून आडवे धरले तर दुसरी अट २९.४ मागते. मुलांना दोन्ही प्रकार मी एकामागून एक दाखवतो. दुसऱ्या वेळी तेवढ्याच जोराने रेटले तरी डस्टरची वरची कड फळीपासून सुटते आणि त्याचे पुढचे टोक खाली झुकते. ते घसरून पडत नाही, खालच्या कडेवर कलंडून पडते. खडूने रबरावर डस्टरच्या खालच्या कडेची रेघ आधी मारून ठेवली, तर हे वर्गात मागच्या बाकावरूनही ओळखता येते.